‘वन ऑफ द’नंतर ‘इज’ की ‘आर’? अपूर्णांक, टक्के, अंतर आणि क्रियापदाचा घोळ असा सोडवा

इंग्रजीच्या पेपरमधलं हे एक वाक्य बघा. ‘वन ऑफ द ब्रिजेस ऑन द रिव्हर हॅव कोलॅप्स्ड.’ म्हणजे नदीवरच्या पुलांपैकी एक कोसळला आहे. वाक्याचे चार तुकडे पाडलेले असतात आणि चूक कोणत्या तुकड्यात आहे ते ओळखायचं असतं. अनेक उमेदवार वाक्य मनात दोनदा वाचतात, काहीच खटकत नाही आणि ‘चूक नाही’ हा पर्याय निवडून पुढे जातात. चूक ‘हॅव’मध्ये आहे. तिथे ‘हॅज’ हवं, कारण कोसळला तो पूल एकच आहे.

एका प्रश्नाने काय बिघडतं, असं वाटेल. एसएससीच्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न असतात आणि प्रत्येकाला २ गुण असतात. उत्तर चुकलं तर अर्धा गुण कापला जातो. म्हणजे बरोबर आणि चूक उत्तर यांच्यात फरक पडतो अडीच गुणांचा. या परीक्षेचे कटऑफ दशांश चिन्हाच्या पुढे मोजले जातात, हे ज्यांनी निकाल पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

कर्ता आणि क्रियापद यांचं वचन जुळवणं हा तसा शाळेतला धडा. ‘बॉय रन्स’, ‘बॉइज रन’ इथपर्यंत कुणी चुकत नाही. (मराठी माध्यमातल्यांना सुरुवातीला एकच गोष्ट उलटी वाटते. नामाला ‘एस’ लागला की अनेकवचन होतं आणि क्रियापदाला ‘एस’ लागला की एकवचन.) अडचण सुरू होते ती कर्त्याच्या जागी संख्या आल्यावर. दोन तृतीयांश, तीस टक्के, दहा किलोमीटर, अनेकांपैकी एक. यांचं वचन कोणतं धरायचं?

या सगळ्या प्रकारांत ‘ऑफ’ हा छोटासा शब्द मोक्याच्या जागी बसलेला असतो. त्यामुळे खरा प्रश्न एवढाच उरतो की, ‘ऑफ’च्या पुढच्या नामाकडे क्रियापदाने बघायचं की नाही. ‘वन ऑफ द’मध्ये बघायचं नाही. अपूर्णांक आणि टक्के असतील तर मात्र तिकडेच बघायचं. अंतराचा हिशोब थोडा वेगळा आहे, तो पुढे येईल.

‘वन ऑफ द’ आपल्याला का फसवतं?

‘पुलांपैकी एक कोसळला’ हे मराठी वाक्य बोलून बघा. मराठीत ‘पुलांपैकी’ आधी येतं आणि ‘एक’ अगदी क्रियापदाला चिकटून बसतं. त्यामुळे ‘पुलांपैकी एक कोसळले’ असं कुणीही म्हणणार नाही. इंग्रजीत क्रम उलटा होतो. ‘वन’ मागे राहतं आणि ‘ब्रिजेस’ हे अनेकवचन क्रियापदाच्या शेजारी येऊन बसतं. डोळ्यांना शेजारचा शब्द दिसतो आणि हात ‘हॅव’कडे जातो. वाक्य जितकं लांब, तितका हा धोका मोठा. वरच्या वाक्यात ‘ऑन द रिव्हर’ असाही एक तुकडा मध्ये घुसला आहे. परीक्षेत अशा जागी मुद्दाम चार-पाच शब्द भरलेले असतात.

उपाय सोपा आहे. ‘ऑफ’पासून क्रियापदाच्या आधीपर्यंतचा मजकूर बोटाने झाका. उरतं ‘वन... हॅव कोलॅप्स्ड’. आता कानाला लगेच खटकतं. ‘वन... हॅज कोलॅप्स्ड’ ठीक वाटतं.

याच रचनेत दुसरी चूक नामाची होते. ‘वन ऑफ माय फ्रेंड इज अ डॉक्टर’ असं वाक्य बोलताना सर्रास ऐकू येतं. एक निवडायचा असेल तर आधी अनेक असायला हवेत, म्हणून ‘फ्रेंड्स’च हवं. म्हणजे या रचनेत नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी अशी जोडी असते. पेपर काढणारा यातला कोणताही एक भाग बिघडवू शकतो, त्यामुळे दोन्ही तपासा. ‘वन ऑफ द स्टाफ’, ‘वन ऑफ द फॅमिली’ अशा रचना मात्र चालतात, कारण तिथे तो एकच शब्द अनेक माणसांचा समूह दाखवतो.

आणखी एक सापळा खास मराठी माणसासाठी आहे, तो आदराचा. ‘आमच्या सरांपैकी एक सर निवृत्त झाले आहेत’ असं आपण म्हणतो. सर एकच असतात, पण क्रियापद आदरार्थी अनेकवचनी होतं. हीच सवय इंग्रजीत गेली की ‘वन ऑफ अवर टीचर्स हॅव रिटायर्ड’ असं लिहिलं जातं. इंग्रजी क्रियापद आदर दाखवण्यासाठी वचन बदलत नाही. सर कितीही मोठे असले तरी तिथे ‘हॅज’च येणार.

अपूर्णांक: इथे मराठी कान कामाला येतो

आता उलटा प्रकार. ‘टू-थर्ड्स ऑफ द वॉटर इज डर्टी’ आणि ‘टू-थर्ड्स ऑफ द वेल्स आर ड्राय’. दोन्हीकडे अपूर्णांक तोच आहे, दोन तृतीयांश. तरीही एकात ‘इज’ आहे आणि दुसऱ्यात ‘आर’. कारण अपूर्णांकाला स्वतःचं वचन नसतं. ते तो ‘ऑफ’नंतरच्या नामाकडून उसनं घेतो. पाणी मोजता येत नाही, म्हणून एकवचन. विहिरी मोजता येतात आणि त्या अनेक आहेत, म्हणून अनेकवचन.

हा नियम पाठ करण्याचीही गरज नाही, कारण मराठीत आपण तेच करतो. ‘दोन तृतीयांश पाणी घाण झालं’ आणि ‘दोन तृतीयांश विहिरी आटल्या’. ‘झालं’ पाण्याकडे बघून आलं आणि ‘आटल्या’ विहिरींकडे बघून. ‘दोन तृतीयांश’मध्ये ‘दोन’ आहे म्हणून पाण्याला कुणी अनेकवचन लावत नाही. निम्म्याच्या बाबतीत तर मराठी आणखी स्पष्ट आहे. ‘निम्मा आंबा सडला’ आणि ‘निम्मे आंबे सडले’. इंग्रजीत ‘हाफ’ हा शब्द बदलत नाही, पण क्रियापद बदलतं. ‘हाफ ऑफ द मँगो इज रॉटन’, ‘हाफ ऑफ द मँगोज आर रॉटन’. म्हणून अपूर्णांक आला की वाक्य मनातल्या मनात मराठीत बोला. मराठी क्रियापद ज्या वचनात येईल, तेच वचन इंग्रजीत लावा.

पेपरांमध्ये आवडीने विचारलं जाणारं एक वाक्य पृथ्वीबद्दलचं असतं. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे. ढोबळपणे त्याला तीन चतुर्थांश म्हटलं जातं आणि वाक्य येतं, ‘थ्री-फोर्थ ऑफ द अर्थ्स सर्फेस आर कव्हर्ड विथ वॉटर.’ यात एक नव्हे, दोन चुका आहेत. पृष्ठभाग एकच आहे, म्हणून ‘आर’च्या जागी ‘इज’ हवं. ही चूक बहुतेकांना सापडते. दुसरी निसटते. ‘थ्री-फोर्थ’ नव्हे, तर ‘थ्री-फोर्थ्स’. वरचा आकडा एकापेक्षा मोठा असेल तर खालच्याला ‘एस’ लागतो. ‘वन-थर्ड’, पण ‘टू-थर्ड्स’. ‘वन-फिफ्थ’, पण ‘फोर-फिफ्थ्स’. पाव-पाव असे तीन तुकडे आहेत, म्हणून तुकड्यांना अनेकवचन, एवढाच त्याचा अर्थ. मात्र या ‘एस’चा क्रियापदाशी काही संबंध नाही. ‘थ्री-फोर्थ्स’ला ‘एस’ आहे म्हणून ‘आर’ लावणं ही पहिल्या चुकीपेक्षा हुशार चूक आहे, पण चूकच.

‘ऑफ’नंतर नामच दिलेलं नसेल तर? ‘फिफ्टी मेंबर्स केम टू द मीटिंग. वन-फिफ्थ वेअर वुमेन.’ इथे दुसऱ्या वाक्यात नाम गाळलं आहे, पण ते मागच्या वाक्यात आहे. पाचवा हिस्सा कशाचा, तर सदस्यांचा. पन्नासांचा पाचवा हिस्सा दहा जणी, म्हणून ‘वेअर’. ‘वन-फिफ्थ’ मधल्या ‘वन’ला बघून इथे ‘वॉज’ लिहिलं जातं. ‘वन-फिफ्थ’मधलं ‘वन’ आणि ‘वन ऑफ द’मधलं ‘वन’ हे दोन वेगळे प्राणी आहेत. एक हिस्सा सांगतं, दुसरं एक नग सांगतं.

टक्क्यांचं क्रियापद

टक्का म्हणजे शंभर छेद असलेला अपूर्णांक. म्हणून नियमही तोच. ‘सिक्स्टी पर्सेंट ऑफ द वॉटर हॅज गॉन’, ‘सिक्स्टी पर्सेंट ऑफ द फार्मर्स हॅव लेफ्ट’. साठ हा आकडा बघायचा नाही. अगदी ‘वन पर्सेंट ऑफ द व्होटर्स’ असले तरी क्रियापद ‘आर’ किंवा ‘हॅव’च येणार, कारण एक टक्का मतदार म्हणजे पुष्कळ माणसं असू शकतात.

मग टक्क्यांत चुकतं कुठे? नाम कोणतं धरायचं, इथे. हे वाक्य घ्या. ‘सिक्स्टी पर्सेंट ऑफ द वॉटर इन द डॅम्स हॅव बीन यूज्ड.’ धरणांतलं साठ टक्के पाणी वापरून झालं आहे. क्रियापदाच्या शेजारी ‘डॅम्स’ आहे आणि ते अनेकवचनी आहे. पण साठ टक्के कशाचे? धरणांचे नाहीत, पाण्याचे. म्हणून ‘हॅज बीन यूज्ड’. ‘ऑफ’च्या लगेच पुढचं नाम महत्त्वाचं. त्याच्यानंतर ‘इन’, ‘ऑन’, ‘फ्रॉम’ वगैरे लागून जे काही येतं, त्याला या व्यवहारात मत नाही. तेच वाक्य ‘सिक्स्टी पर्सेंट ऑफ द डॅम्स इन द स्टेट आर फुल’ असं झालं की हिशोब धरणांचा होतो आणि ‘आर’ येतं. इथे ‘स्टेट’ एकवचनी आहे म्हणून गडबडायचं नाही.

दुसरी अडचण ‘पॉप्युलेशन’ या शब्दाची. ‘फॉर्टी पर्सेंट ऑफ द पॉप्युलेशन’नंतर काय? मराठीत ‘चाळीस टक्के लोकसंख्या राहते’ असं एकवचन येतं आणि परीक्षेत इंग्रजीतही एकवचन धरणं सुरक्षित आहे. ब्रिटिश लिखाणात अशा समूहवाचक शब्दांना अनेकवचनी क्रियापद लावलेलं दिसतं, आणि ते चूक मानलं जात नाही. मात्र चार पर्यायांतून एक निवडायचा असेल तेव्हा हा वाद घालत बसू नये. ‘पॉप्युलेशन’ऐवजी ‘पीपल’ असेल तर प्रश्नच नाही, अनेकवचन.

‘पर्सेंट’ आणि ‘पर्सेंटेज’ हेही एक नव्हेत. ‘द पर्सेंटेज ऑफ गर्ल्स इन इंजिनीअरिंग कॉलेजेस इज रायझिंग.’ इथे वाढतंय काय? मुली नव्हे, टक्केवारी. टक्केवारी ही एक गोष्ट आहे, म्हणून ‘इज’. पण ‘अ लार्ज पर्सेंटेज ऑफ गर्ल्स प्रिफर सायन्स’ असं म्हटलं की सायन्स निवडतात त्या मुली, टक्केवारी काही निवडत नाही. म्हणून ‘प्रिफर’, अनेकवचन. ‘पर्सेंटेज’च्या आधी ‘द’ आहे की ‘अ’, हे पाहिलं की काम होतं. ‘द’ असेल तर एकवचन, ‘अ’ असेल तर पुढच्या नामाप्रमाणे. ‘द नंबर ऑफ’ आणि ‘अ नंबर ऑफ’ यांची जोडी ज्यांना माहीत आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की ‘अ नंबर ऑफ’नंतर नेहमीच अनेकवचन येतं.

एक जागा मात्र अशी आहे जिथे नियम पुरेसा ठाम नाही. ‘वन इन टेन स्टुडंट्स’, म्हणजे दहांतला एक. अर्थ दहा टक्क्यांचा आहे आणि रचना ‘वन’ची. चांगल्या वर्तमानपत्रांतही दोन्ही क्रियापदं दिसतात. व्याकरणाची पुस्तकं ‘वन’कडे बघून एकवचनाला झुकतं माप देतात आणि परीक्षेत तेच धरलेलं बरं.

दहा किलोमीटर ‘इज’? हो, बहुतेक वेळा

अंतराच्या बाबतीत आधीच्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. ‘टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक.’ ‘किलोमीटर्स’ला ‘एस’ आहे, आकडा दहा आहे, ‘ऑफ’ कुठेच नाही आणि तरीही ‘इज’. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही छपाईची चूक वाटते.

पण मराठीत आपण काय म्हणतो? ‘दहा किलोमीटर हे काही कमी अंतर नाही.’ त्या ‘हे’कडे लक्ष द्या. दहा सुटे किलोमीटर आपण एका ‘हे’मध्ये गुंडाळून टाकतो आणि मग एकवचनात बोलतो. पैशांचंही तसंच. ‘पाच हजार रुपये ही मोठी रक्कम आहे.’ रुपये अनेक, पण ‘ही’ एकच. इंग्रजीत हे ‘हे’ आणि ‘ही’ दिसत नाहीत, तरी अर्थात ते असतात. म्हणून अंतर, रक्कम, वजन, वेळ यांच्यापुढे मराठीत ‘हे अंतर’, ‘ही रक्कम’, ‘हा काळ’ असं घालून बघा. सहज बसलं तर इंग्रजीत एकवचन. ‘फाइव्ह थाउजंड रुपीज इज टू मच.’ ‘ट्वेंटी यिअर्स इज अ लाँग टाइम.’

हे गुंडाळणं जिथे जमत नाही तिथे अनेकवचन परत येतं. ‘वीस वर्षं झाली’ या वाक्यात वर्षं एकेक करून सरली आहेत. इथे ‘वीस वर्षं हा काळ झाला’ असं कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही ‘ट्वेंटी यिअर्स हॅव पास्ड’. चालता चालता ‘अजून चार किलोमीटर उरले आहेत’ असं म्हणताना आपण एकेक किलोमीटर मोजत असतो, तिथे इंग्रजीत ‘फोर किलोमीटर्स रिमेन’ असं अनेकवचन चालतं. वाटेत पडलेल्या पैशांचंही हेच. ‘पाचशेची नोट’ नव्हे, तर ‘पाच नोटा पडल्या होत्या’ असं असेल तर नोटा मोजल्या जातात, रक्कम नव्हे. म्हणजे प्रश्न आकड्याचा नसतो. बोलणारा त्या गोष्टीकडे एक गाठोडं म्हणून बघतोय की सुटे नग म्हणून, हा प्रश्न असतो. परीक्षेतल्या वाक्यात ‘अ लाँग डिस्टन्स’, ‘अ बिग अमाउंट’, ‘टू फार’, ‘इनफ’ असे शब्द पुढे दिसले की गाठोडं समजावं.

अंतर मोजताना मराठीने फसवणारी एक जागा आहे, ‘दीड’. मराठीत ‘दीड आंबा उरला’ हे एकवचन आहे. इंग्रजीत एकाच्या पुढे थोडंही गेलं की नाम अनेकवचनी होतं. ‘वन अँड अ हाफ किलोमीटर’ नव्हे, ‘वन अँड अ हाफ किलोमीटर्स’. पण ते अंतर गाठोडं म्हणून आलं, तर क्रियापद एकवचनीच राहतं. ‘वन अँड अ हाफ किलोमीटर्स इज नॉट फार.’ ‘एस’ नामाला आहे आणि क्रियापदही एकवचनी आहे, हे एकाच वेळी खरं असू शकतं.

सगळ्यात अवघड गाठ: ‘वन ऑफ द... हू’

आता पुन्हा ‘वन ऑफ द’कडे येऊ, कारण त्याचा कठीण भाग बाकी आहे. ‘वन ऑफ द स्टुडंट्स हू कम ऑन टाइम इज अबसेंट टुडे.’ या वाक्यात दोन क्रियापदं आहेत, ‘कम’ आणि ‘इज’. एक अनेकवचनी, दुसरं एकवचनी. ‘वन ऑफ द म्हणजे एकवचन’ एवढंच पाठ केलेला उमेदवार ‘कम’च्या जागी ‘कम्स’ करतो आणि गुण घालवतो.

मराठी करून बघू. ‘जे विद्यार्थी वेळेवर येतात, त्यांपैकी एक आज गैरहजर आहे.’ वेळेवर कोण येतात? ते सगळे. गैरहजर कोण आहे? त्यांतला एक. ‘हू’ हा शब्द ‘वन’बद्दल नाही, ‘स्टुडंट्स’बद्दल बोलतो. म्हणून ‘हू’च्या पुढचं क्रियापद अनेकवचनी आणि ‘वन’चं मुख्य क्रियापद एकवचनी. ‘विच’ आणि ‘दॅट’ आले तरी असंच.

आता यात एकच शब्द वाढवू. ‘ही इज द ओन्ली वन ऑफ द स्टुडंट्स हू कम्स ऑन टाइम.’ विद्यार्थ्यांपैकी वेळेवर येणारा तो एकटाच आहे. ‘द ओन्ली’ आल्यामुळे ‘हू’ आता ‘वन’ला चिकटला. मराठीत ‘जे येतात’ असं म्हणताच येणार नाही, ‘जो येतो’ म्हणावं लागेल. म्हणून ‘कम्स’. या प्रकारच्या वाक्यात जीव अडकला तर ‘जो’ की ‘जे’ एवढं ठरवा. ‘जो’ असेल तर एकवचन, ‘जे’ असेल तर अनेकवचन. इंग्रजीचा ‘हू’ वचन लपवतो, मराठीचं ‘जो’ आणि ‘जे’ ते उघडं पाडतं.

रोजच्या इंग्रजीत, अगदी नावाजलेल्या लेखकांच्या लिखाणातही, ‘द ओन्ली’ नसताना ‘हू’नंतर एकवचन आलेलं सापडतं. लिहिणाऱ्याचं लक्ष त्या एका माणसावर असतं, म्हणून असं होतं. गप्पांत किंवा ईमेलमध्ये त्यावरून कुणाला टोकायला जाऊ नये. उत्तरपत्रिकेत मात्र अनेकवचनच लावावं.

एकाच वाक्यात सगळं

आता एक मोठं वाक्य सोडवून बघू. पाच रिकाम्या जागा आहेत.

‘वन ऑफ द रिपोर्ट्स दॅट (१) पब्लिश्ड लास्ट वीक (२) दॅट टू-थर्ड्स ऑफ द लँड इन दीज व्हिलेजेस (३) ड्राय, दॅट थर्टी पर्सेंट ऑफ द वेल्स इन द तालुका (४) नो वॉटर, अँड दॅट थ्री किलोमीटर्स (५) अ नॉर्मल डिस्टन्स टू वॉक फॉर अ पॉट ऑफ वॉटर.’

पहिली जागा ‘दॅट’च्या पुढची. गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झाले ते कोण? ‘जे अहवाल प्रसिद्ध झाले.’ ‘जे’ आलं, म्हणून ‘वेअर’. दुसरी जागा मुख्य क्रियापदाची. सांगणारा अहवाल एकच आहे. ‘ऑफ’पासून ‘वीक’पर्यंतचं सगळं बोटाने झाका, ‘वन... सेज’. इथे ‘से’ लिहिण्याचा मोह जास्त होतो, कारण नुकतंच ‘वेअर’ लिहून हात अनेकवचनाला सरावलेला असतो.

तिसऱ्या जागेच्या शेजारी ‘व्हिलेजेस’ आहे. पण दोन तृतीयांश कशाचं? जमिनीचं. ‘दोन तृतीयांश जमीन कोरडी आहे’, म्हणून ‘इज’. चौथ्या जागेला बरोबर उलटं होतं. शेजारी ‘तालुका’ हे एकवचन आहे, पण तीस टक्के विहिरींचे आहेत. ‘तीस टक्के विहिरींना पाणी नाही.’ मराठीची ‘-ना’वाली रचना इथे नेमकी मदत करत नाही, कारण क्रियापद पाण्याकडे वळतं. म्हणून ‘तीस टक्के विहिरी कोरड्या आहेत’ असं वळवून घ्या. अनेकवचन मिळालं, ‘हॅव’. मराठी कसोटी लावताना हे भान ठेवावं लागतं. ज्याचं वचन तपासायचं आहे ते नाम मराठी वाक्यातही कर्ता असलं पाहिजे.

पाचव्या जागी तीन किलोमीटर. पुढे ‘अ नॉर्मल डिस्टन्स’ लिहिलेलंच आहे. ‘तीन किलोमीटर हे नेहमीचं अंतर आहे’, त्यामुळे ‘इज’.

उत्तरं झाली ‘वेअर’, ‘सेज’, ‘इज’, ‘हॅव’, ‘इज’. आता ‘टू-थर्ड्स’नंतरची ‘लँड’ काढून तिथे ‘फील्ड्स’ घाला, म्हणजे शेतं, आणि ‘वन ऑफ द रिपोर्ट्स’च्या आधी ‘द ओन्ली’ जोडा. कोणत्या दोन जागांची उत्तरं बदलतील? पहिल्या जागी ‘वॉज’ येईल आणि तिसऱ्या जागी ‘आर’. बाकी तीन जागी आहेत तीच राहतील.